पावसाची वही, यंत्राचा बिघाड आणि कँटीनची ताटे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायन कारखान्यात मी काही वर्षे उपकरण विभागात होतो. तापमान, दाब, प्रवाह यांचे आकडे रात्रंदिवस नोंदवले जात आणि ते बरोबर नोंदवले जातात की नाही हे पाहणे हे माझे काम होते. पुढे त्याच आकड्यांच्या नादाने मी पुण्यात आलो आणि आता डेटा सायन्सच्या जागांसाठी येणाऱ्या नव्या मुलामुलींचे अर्ज वाचतो, मुलाखती घेतो. डेटा सायन्स म्हणजे काय, असे आमच्या गावाकडे कोणी विचारले तर मी सांगतो, की साठलेल्या नोंदींतून एखाद्या निर्णयाला आधार देणारे काहीतरी काढायचे आणि ते कितपत खरे मानायचे तेही सांगायचे. या दुसऱ्या अर्ध्या भागाचाच पगार मिळतो.

नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलाकडे अनुभवाचा दाखला नसतो. मग त्याच्या अर्जात असतात ते त्याने स्वतः केलेले प्रकल्प. हे प्रकल्प मी उघडून पाहतो आणि तिथे बहुधा टायटॅनिक जहाज भेटते. त्या जहाजावरील ८९१ प्रवाशांची एक तयार यादी शिकाऊ लोकांसाठी उपलब्ध आहे. कोण वाचले असेल याचा अंदाज संगणकाने बांधायचा, असा तो धडा. १९१२ साली बुडालेले ते जहाज माझ्या टेबलावर दर आठवड्याला पुन्हा बुडते. धडा वाईट नाही, मीही तो गिरवला आहे. पण पाढे पाठ आहेत म्हणून कोणी दुकानाचा हिशेब हाती देत नाही. शिवाय ती यादी आधीच साफ केलेली, प्रश्न आधीच ठरलेला आणि उत्तरे हजारो ठिकाणी लिहून ठेवलेली. त्यातून त्या मुलाबद्दल मला काहीच कळत नाही.

मला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. खऱ्या, मळक्या नोंदी याच्या हातात दिल्या तर हा काय करील? उत्तर फार छान आले तर याला शंका येते का? आणि याने केलेले काम दुसरा माणूस वापरू शकेल का? तीन प्रश्नांना तीन प्रकल्प पुरतात. दहा ठेवले तरी वाचणारा तीनच उघडतो, आणि त्या दहांतला सर्वांत कच्चा नेमका त्याच्या हाती लागतो.

आता हे तीन प्रकल्प महाड-पोलादपूरच्या मुलाने कुठून आणायचे? माझे म्हणणे असे, की त्याने घराबाहेर पाहावे.

पहिला प्रकल्प पावसाचा. सावित्री नदी महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. २००५ आणि २०२१ च्या जुलैमध्ये महाडने काय पाहिले ते या भागातल्या कोणाला सांगायला नको. म्हणून इथला मुलगा पहिला प्रकल्प निवडतो तो ‘महाडच्या पुराचा अंदाज’. मी त्याला सांगेन, की हे नाव खोड. मोठे पूर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चार-पाच उदाहरणांवरून यंत्र काही शिकत नाही, ते पाठ करते. त्यातून पूर केवळ पावसाने येत नाही. खाडीला भरती असली की पाण्याचा निचरा अडतो, नदीत गाळ किती साठला आहे त्यावर पाणी चढते आणि गांधारी नदीचे पाणी त्याच वेळी येऊन मिळते. या गोष्टी पावसाच्या आकड्यात नाहीत. आणि खोट्या खात्रीने दिलेला पुराचा अंदाज कोणी खरा मानला तर त्याची किंमत माणसे मोजतात.

त्यापेक्षा प्रश्न लहान घ्या. गेल्या तीस वर्षांत महाड-पोलादपूर भागात अतिजोरदार पावसाचे दिवस किती होते, कोणत्या महिन्यात होते आणि त्यांची संख्या बदलली आहे का? हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस धरतात. प्रश्न शाळकरी वाटतो ना? करायला बसा म्हणजे कळेल.

हवामान विभाग देशभरच्या दैनंदिन पावसाचे आकडे चौकोनी जाळ्याच्या रूपात देतो. १९०१ पासूनचे आहेत आणि ते विनामूल्य उतरवून घेता येतात. जाळ्याचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे सत्तावीस किलोमीटर बाजूचा. ते मी पहिल्यांदा उतरवले तेव्हा जुलै महिन्याची बेरीज काढली आणि ती उणे आली. पाऊस उणे कसा पडेल? झाले होते असे, की जिथे आकडा उपलब्ध नाही, उदाहरणार्थ समुद्रावर, तिथे `-999` असे लिहायची रीत आहे. माझ्या आखलेल्या पट्ट्यात किनाऱ्यापलीकडचे चौकोन आले होते आणि संगणकाने ते नऊशे नव्व्याण्णव इमाने इतबारे वजा केले. माझे नशीब, की चूक ढोबळ होती म्हणून दिसली. तीस वर्षांच्या नोंदींत एखादाच दिवस असा असता तर सरासरी थोडी खाली सरकली असती आणि मी ‘पाऊस घटला’ असा निष्कर्ष काढून मोकळा झालो असतो. म्हणून सर्वांत आधी प्रत्येक स्तंभातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा पाहायचा आणि असे किती आकडे काढून टाकले ते लिहून ठेवायचे.

दुसरी खोच तारखेची. आपल्याकडे पावसाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या चोवीस तासांची असते. म्हणजे २३ जुलैच्या नावाने लिहिलेला पाऊस बहुतांशी २२ जुलैला पडलेला असतो. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली होते. महाबळेश्वरचा चोवीस तासांतला ५९४ मिलिमीटरचा तो प्रचंड आकडा मात्र २३ तारखेच्या सकाळचा आहे. तारखेला तारीख जोडणाऱ्याच्या तक्त्यात पूर आधी येतो आणि पाऊस नंतर! ज्याला हे माहीत नाही त्याला संगणक चूक दाखवत नाही. कारण संगणकाच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते.

तिसरी खोच चौकोनाची. महाड ते महाबळेश्वर हे अंतर पक्ष्याच्या वाटेने तीसेक किलोमीटर आहे. एवढ्यात खाडीकाठचा सखल भाग आहे आणि सह्याद्रीचा माथाही आहे. एक चौकोन जवळजवळ अख्खा तालुका गिळतो, आणि सरासरीत टोके बोथट होतात. एका मापकावर अडीचशे मिलिमीटर पडलेले असताना चौकोनात त्याहून बरेच कमी दिसू शकते. राज्याच्या कृषी विभागाकडून महसूल मंडळनिहाय रोजचा पाऊस प्रसिद्ध होतो. त्यातले काही महिने घेऊन चौकोनाच्या आकड्याशेजारी ठेवा आणि फरक दाखवा. मग शेवटी प्रामाणिकपणे लिहा, की माझे उत्तर चौकोनाच्या सरासरीबद्दल आहे, बिरवाडीच्या किंवा पोलादपूरच्या एखाद्या मापकाबद्दल नाही.

या प्रकल्पात शेवटी दोन आलेख आणि एक पान मजकूर एवढेच हाती येते. मुलांना वाटते, यात ‘मॉडेल’ कुठे आहे? नाहीच. पण हे एक पान वाचल्यावर माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला मिळते.

आता दुसऱ्याकडे वळतो. इथे मॉडेल आहे आणि इथेच बहुतेक अर्ज कोसळतात.

औद्योगिक वसाहतीतल्या मुलाला कारखान्यातला प्रश्न घ्यावासा वाटणे साहजिक आहे. यंत्र बिघडणार हे आधी कळेल का? पण कोणताही कारखाना आपल्या बिघाडांची वही बाहेरच्या मुलाच्या हाती देत नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही करू नये. म्हणून अभ्यासासाठी खुला ठेवलेला संग्रह घ्यावा लागतो. असा एक ‘एआय-फोर-आय २०२०’ या नावाचा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील भांडारात आहे. त्यात १०,००० ओळी आहेत. प्रत्येक ओळीत हवेचे तापमान, प्रक्रियेचे तापमान, फेऱ्यांचा वेग, पिळाचा जोर म्हणजे टॉर्क, हत्यार किती मिनिटे झिजले, आणि शेवटी यंत्र बिघडले की नाही. हे आकडे खऱ्या कारखान्यातले नाहीत, खऱ्यासारखे बनवलेले आहेत. ते संग्रहाच्या वर्णनातच सांगितलेले आहे आणि मुलानेही पहिल्याच परिच्छेदात सांगावे. काही मुले ते लपवतात. मग मुलाखतीत ‘कोणत्या कारखान्यातले?’ असे विचारले की चेहरा उतरतो.

या १०,००० ओळींत बिघाड आहेत ३३९. म्हणजे शंभरांत साडेतीनसुद्धा नाहीत. एका मुलाने मोठ्या अभिमानाने लिहिले होते, की माझे मॉडेल ९६ टक्के अचूक आहे. मी त्याला म्हटले, ‘डोळे मिटून प्रत्येक ओळीला ‘बिघाड नाही’ असे म्हणत गेलास तर किती गुण मिळतील?’ त्याने हिशेब केला. ९६.६१ टक्के! त्याच्या संगणकाने रात्रभर धडपडून डोळे मिटलेल्या माणसापेक्षा कमी गुण मिळवले होते. तेव्हा पहिला नियम असा, की आपल्या निकालाशेजारी एका अगदी भोळ्या उत्तराचा निकाल छापायचा. ज्या अर्जात तो छापलेला असतो तो मी पुढे वाचतो.

याच्या उलट काही जणांना जवळजवळ शंभर टक्के मिळतात. तिथे भानगड वेगळी असते. या संग्रहात शेवटच्या रकान्यांत बिघाडाचे प्रकारही दिलेले आहेत. `TWF` म्हणजे हत्यार झिजून झालेला, `HDF` म्हणजे उष्णता बाहेर न गेल्याने झालेला, असे पाच. हे रकाने बिघाड झाल्यानंतर भरले जाणारे आहेत. ते मॉडेलला आधी दाखवायचे म्हणजे प्रश्नपत्रिकेमागे उत्तरपत्रिका टाचून द्यायची. या चुकीला आमच्याकडे ‘गळती’ म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. निकाल संशय यावा इतका चांगला असतो आणि मॉडेलने कोणत्या रकान्यावर भर दिला ते पाहिले तर एक-दोन रकानेच सगळे काम करताना दिसतात. मग स्वतःला विचारायचे, ज्या क्षणी मला अंदाज हवा आहे त्या क्षणी हा आकडा कोणाच्या हातात असेल का?

हे रकाने काढून टाकले की निकाल जमिनीवर येतो आणि खरे काम सुरू होते. यंत्रशाळेत हात काळे केलेल्या मुलाचा इथे फायदा होतो. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाला टॉर्क आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती हे दुसऱ्या वर्षापासून माहीत असते. मिनिटाला १,५०० फेरे आणि ४० न्यूटन-मीटर टॉर्क म्हणजे सुमारे ६,२८० वॅट. हा गुणाकाराचा एक नवा रकाना त्याने स्वतः तयार केला, तसाच दोन तापमानांतील फरकाचा केला, तर साधे निर्णयवृक्षाचे मॉडेलसुद्धा बरेच सुधारते. संग्रह बनवणाऱ्यांनी बिघाडाचे काही प्रकार याच राशींवर बेतले आहेत. दहा निरनिराळी मॉडेले चालवून त्यांचा तक्ता लावणाऱ्यापेक्षा हा एक रकाना विचार करून तयार करणारा मला जास्त भावतो.

आता हिशेब. परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या २,००० ओळींत समजा ६८ बिघाड आहेत. मॉडेलने ८० वेळा घंटा वाजवली, त्यांपैकी ५० खऱ्या निघाल्या. म्हणजे १८ बिघाड निसटले आणि ३० घंटा फुकट गेल्या. हे चांगले की वाईट? याचे उत्तर गणितात नाही, कारखान्यात आहे. समजा अचानक बिघाड झाला तर ५०,००० रुपयांचे नुकसान होते, आणि घंटा वाजल्यावर यंत्र थांबवून तपासायला २,००० रुपये लागतात. वेळीच तपासले तर बिघाड टळतो असे धरू. मॉडेल नसते तर ६८ बिघाडांचे ३४ लाख गेले असते. मॉडेलमुळे निसटलेल्या अठरांचे ९ लाख आणि ८० तपासण्यांचे १ लाख ६० हजार, मिळून १० लाख ६० हजार.

आता मॉडेलला थोडे घाबरट करा. ते समजा १६० वेळा घंटा वाजवते आणि ६० बिघाड पकडते. घंटा जास्त वेळा खोटी ठरते, कागदावर मॉडेल बिघडल्यासारखे दिसते. पण खर्च? निसटलेल्या आठांचे ४ लाख आणि तपासण्यांचे ३ लाख २० हजार, म्हणजे ७ लाख २० हजार. घाबरट मॉडेल स्वस्त पडले. परंतु तपासणीसाठी संपूर्ण बॅच थांबवावी लागत असेल आणि एका तपासणीला २०,००० लागत असतील, तर? पहिले मॉडेल २५ लाखांना पडते आणि घाबरट मॉडेल ३६ लाखांना, म्हणजे मॉडेल नसण्यापेक्षाही महाग! हे आकडे मी कल्पनेने घेतले आहेत. मुलानेही ते कल्पनेचेच असल्याचे लिहावे आणि आकडे बदलता येतील असा छोटा तक्ता जोडावा. मुलाखत घेणारा त्या तक्त्यावर वीस मिनिटे बोलत बसतो. माझा तसा अनुभव आहे.

एक मर्यादा मात्र विसरू नये. या संग्रहात प्रत्येक ओळ त्या क्षणाची स्थिती आणि त्याच क्षणाचा बिघाड सांगते. त्यामुळे मॉडेल बिघाड ओळखते, उद्याचा बिघाड आज सांगत नाही. ‘चोवीस तास आधी सूचना देणारी यंत्रणा’ असे शीर्षक दिले की अर्ज तिथेच संपतो.

तिसरा प्रकल्प मी मुद्दाम लहान सांगतो. यात एक खरा माणूस हवा, ज्याला उत्तराची गरज आहे. वसाहतीतल्या एका कँटीनचे उदाहरण घ्या. उद्या किती ताटे लागतील हा तिथल्या मालकाचा रोजचा प्रश्न. एका मुलाने हा प्रकल्प माझ्यासमोर आणला होता. त्याचे मामा ते कँटीन चालवत. मामांच्या वहीत दोन वर्षांची पाळीनिहाय ताटे लिहिलेली होती. त्याने ती सुट्टीत बसून एक्सेलमध्ये उतरवली, कोणाची उधारी किती ही पाने वगळली आणि वही वापरायला मामांची परवानगी आहे असेही लिहिले.

इथे भोळे उत्तर म्हणजे मागच्या आठवड्यातल्या त्याच वाराइतकी ताटे. पण खरा प्रतिस्पर्धी दुसराच होता, मामा स्वतः. वीस वर्षांचा त्यांचा अंदाज. मुलाने काय केले, तर महिनाभर रोज संध्याकाळी मामांना विचारून त्यांचा उद्याचा आकडा लिहून घेतला आणि आपल्या मॉडेलचा शेजारी लिहिला. महिन्याअखेर निकाल असा लागला, की साध्या दिवशी मामा आणि मॉडेल सारखेच आणि सणांच्या आसपास मामा पुढे. हा निकाल त्याने लपवला नाही. उलट कारण शोधले. कोकणातला कारखाना गणपतीत आणि शिमग्यात ओस पडतो. पण गणेशचतुर्थी २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मॉडेलला इंग्रजी तारीख ठाऊक, तिथी ठाऊक नाही. त्याने ‘चतुर्थीला किती दिवस उरले’ असा रकाना घातला आणि मागच्या दोन गणपतींच्या नोंदींवर तो पडताळला. चूक कमी झाली. पण दोनच गणपतींवरून फार बोलता येणार नाही, असे त्यानेच लिहिले होते.

आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली, ती भल्याभल्यांच्या येत नाही. ज्या दिवशी जेवण संपले त्या दिवशी वहीत जितके शिजवले तितकेच लिहिलेले असते. परत गेलेल्यांची नोंद कोण ठेवणार? म्हणजे वहीतला आकडा मागणीचा नसून विक्रीचा असतो. तसेच शिकवलेले मॉडेल पुन्हा तेवढेच शिजवायला सांगते आणि पुन्हा माणसे परत जातात. त्याने जेवण संपलेले दिवस मामांना विचारून वेगळे खुणावले. ज्यांची आठवण नव्हती ते तसेच सोडले आणि तसे लिहिले.

शेवटी त्याने काही चकचकीत संकेतस्थळ बनवले नाही. एक्सेलचे एकच पान होते. वर उद्याचा वार आणि पाळ्या, खाली तीन आकडे: किमान, बहुधा, कमाल. मामा ते मोबाइलवर पाहत आणि स्वतःचे डोके चालवून मधला किंवा वरचा आकडा घेत. उरलेला भात आणि उपाशी परतलेला कामगार यांचे वजन सारखे नाही, हे मामांना मॉडेलपेक्षा जास्त कळत होते.

हे तिन्ही मांडायचे कसे, याबद्दल थोडे सांगतो. काम ठेवायची नेहमीची जागा गिटहब. तिथे प्रत्येक प्रकल्पाच्या दारात `README` नावाची फाइल असते आणि वाचणारा तिथेच ठरवतो, की आत जायचे की नाही. तिच्या पहिल्या पाच ओळींत प्रश्न काय, नोंदी कुठून आणल्या, उत्तर काय आले आणि कशावर विश्वास ठेवू नये, हे हवे. वापरलेल्या साधनांची यादी नंतर. दुसऱ्याच्या संगणकावर सगळे पहिल्यापासून चालते का, हे एखाद्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर स्वतः तपासावे. फाइलचा पत्ता स्वतःच्या घरच्या फोल्डरचा राहून गेला, असे मी पाहिलेल्या निम्म्या कामांत असते. आणि काम रोज थोडे थोडे चढवावे. एकाच रात्री तीनही प्रकल्प अवतरले की ते कुठून आले याची शंका येते, आणि तारखा सगळ्यांना दिसतात.

अर्जाच्या कागदावर प्रत्येक प्रकल्पाला दोन ओळी पुरे. ‘मशीन लर्निंग वापरून अचूकता मिळवली’ असे लिहू नका. ‘बिघाडाचे पाच प्रकार दाखवणारे रकाने वगळल्यावर निकाल किती खाली आला आणि का’, हे लिहा. ‘कँटीनच्या मालकाच्या अंदाजाशी महिनाभर तुलना’, हे लिहा. चाळीस अर्जांत असे एखादेच वाक्य असते.

असा अर्ज घेऊन मुलगा किंवा मुलगी समोर बसली की मी आधी मॉडेलबद्दल विचारत नाही. विचारतो ते असे: ‘यात तुम्ही कुठे फसलात आणि ते तुम्हाला कसे कळले?’ त्या कँटीनच्या मुलाने यावर उत्तर द्यायला सुरुवात केली ती वहीतल्या एका पानापासून, ज्यावर एका गुरुवारी दोनशे ताटांच्या जागी वीस लिहिलेले होते. मामांचे म्हणणे होते की शून्य राहून गेले. मुलाचे म्हणणे होते की त्या दिवशी रस्ता पाण्याखाली होता. कोण बरोबर, हे त्याने पहिल्या प्रकल्पातल्या पावसाच्या आकड्यांवरून तपासले होते, साडेआठची वेळ लक्षात ठेवून. मुलाचेच बरोबर निघाले.